जाहिरातीखालचा राग

फेसबुकवर पैसे देऊन दाखवलेली जाहिरात दिसायला साध्या पोस्टसारखी असली, तरी पेज उघडून खाली सरकत गेल्यास ती बहुधा सापडत नाही. जाहिरात व्यवस्थापकातून तयार झालेली ही अप्रकाशित पोस्ट फक्त निवडलेल्या प्रेक्षकांच्या फीडमध्ये उमटते आणि या व्यवसायात तिला ‘डार्क पोस्ट’ म्हणतात. तिच्याखाली आलेल्या कमेंट त्या पोस्टपाशीच राहतात. एकच व्हिडिओ तीन प्रेक्षकगटांना तीन स्वतंत्र जाहिराती करून दाखवला, तर त्याच्या तीन पोस्ट होतात, तीन ठिकाणी तीन निरनिराळी भांडणे चालू राहतात, आणि पेजवर रोज नजर टाकणाऱ्या माणसाला त्यांतले एकही दिसत नाही. म्हणून कमेंट हाताळण्याचे काम जाहिरात सुरू होण्यापूर्वीच सुरू होते: एक पोस्ट आधी तयार करायची आणि प्रत्येक जाहिरातीत नवा व्हिडिओ न चढवता त्याच पोस्टचा आयडी वापरायचा. असे केल्यास कमेंट एका जागी जमतात, समाधानी ग्राहकांनी लिहिलेले चार शब्दही तिथेच साठतात, आणि उत्तर एकदाच द्यावे लागते.

उदाहरणादाखल रत्नागिरीचा एक बागायतदार गृहीत धरावा, जो एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना हापूसच्या पेट्या थेट विकण्यासाठी जाहिरात चालवतो. आठवडाभरात जाहिरातीखाली चार प्रकारचा मजकूर जमतो. एक ग्राहक लिहितो, ‘आंबे दगडासारखे निघाले.’ दुसरा, ज्याने काहीच विकत घेतलेले नाही, तो लिहितो, ‘हा कर्नाटकचा माल आहे.’ तिसरी ग्राहक लिहिते, ‘पैसे भरून पाच दिवस झाले, फोन कुणी उचलत नाही.’ आणि तिच्याच कमेंटखाली, नावात ‘कस्टमर केअर’ असलेला एक अनोळखी इसम मोबाइल क्रमांक देऊन कळवतो की रिफंडसाठी या नंबरवर व्हॉट्सॲप करावे.

यांतली चौथी कमेंट सर्वांत सौम्य भाषेत असूनही सर्वांत घातक आहे, आणि नवशिक्या व्यवस्थापकाचे लक्ष नेमके तिच्याकडे सर्वांत शेवटी जाते, कारण ती रागाची नसते. तक्रारदार आधीच अस्वस्थ असतो, मदत हवीच असते, आणि पेजच्या जाहिरातीखाली दिसणारा क्रमांक त्याला पेजचाच वाटतो. तिथून पुढे यूपीआय पिन किंवा ओटीपी काढून घेणे अवघड राहत नाही. अशी कमेंट काढून टाकावी, ते खाते पेजवरून बंद करावे, त्याची फेसबुककडे तक्रार नोंदवावी, आणि मूळ तक्रारीखाली आपला खरा क्रमांक देऊन दुसऱ्या कुठल्याही क्रमांकावर संपर्क करू नये असे स्पष्ट लिहावे. त्याचबरोबर त्या ग्राहकाला खासगी संदेशही धाडावा. कमेंटच्या आधारे पेजला असा एक संदेश पाठवता येतो, मात्र सात दिवसांच्या आत. तोवर पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीसाठी असलेला १९३० हा क्रमांक तिला लगेच कळवणे हेही पेजचेच काम ठरते.

काढून टाकणे आणि लपवणे या दोन बटणांतला फरक इथे नीट समजून घ्यावा लागतो. फेसबुकवर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, इतरांना दिसत नाही, आणि लिहिणाऱ्याला त्याची सूचना जात नाही. काढून टाकलेली कमेंट सर्वांसाठी नाहीशी होते आणि लिहिणाऱ्याच्या ते ध्यानात आले की तो दुप्पट रागाने, बहुधा स्क्रीनशॉट घेऊन, परत येतो. शिवीगाळ, जातीय टोमणे, विषयाशी संबंध नसलेले राजकारण यांसाठी लपवणे पुरेसे आहे. खऱ्या तक्रारीसाठी दोन्ही बटणे गैर आहेत. त्यामागे नीतीचा प्रश्न आहेच, शिवाय व्यवहारही आहे, कारण पाच दिवस पेटी न मिळालेली ग्राहक कमेंट दिसेनाशी झाल्यावर गप्प बसत नाही, ती जाहिरातीविरुद्ध तक्रार नोंदवते.

मेटाच्या लिलावात जाहिरातीचे मूल्य तीन गोष्टींवरून ठरते: बोली, प्रेक्षक अपेक्षित कृती करेल याचा अंदाज, आणि जाहिरातीची गुणवत्ता. या गुणवत्तेत जाहिरात लपवणाऱ्या आणि तिच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या प्रेक्षकांचा प्रतिसाद धरला जातो. कडवट कमेंटचा मोठा फटका मात्र याहून सरळ मार्गाने बसतो: खरेदीचा विचार करणारा माणूस आधी कमेंट उघडतो आणि तिथूनच परत फिरतो. हे होते आहे की नाही, ते ताडून पाहता येते. तोच व्हिडिओ नव्या, कमेंट नसलेल्या पोस्टवर टाकून प्रेक्षक समान वाटून देणारी ए-बी चाचणी लावावी. कोऱ्या पोस्टवर विक्रीचा खर्च बराच कमी आला, तर जुनी पोस्ट कमेंटमुळे जड झाली आहे, आणि दोन्हीकडे तो सारखाच राहिला, तर दोष व्हिडिओत, किमतीत किंवा हंगामात शोधावा. दोन-चार विक्रींवरून असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र पुष्कळजण करतात.

उत्तर देण्यातही एक पेच आहे. पेजने ज्या कमेंटला प्रतिसाद दिला ती अधिक ठळकपणे दाखवली जाईल, असे फेसबुकने २०१९ मध्येच जाहीर केले होते. म्हणजे रागावलेल्या ग्राहकाला उत्तर देणे म्हणजे त्याचा राग वर उचलून ठेवणे होय. म्हणून उत्तर तक्रारदाराला उद्देशून असले, तरी न बोलता वाचणाऱ्यांसाठी ते स्वयंपूर्ण असावे लागते. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया मेसेज करा’ हे वाक्य दहा तक्रारींखाली दहा वेळा दिसले की वाचणाऱ्याला एवढेच कळते की तक्रारी दहा आहेत. त्याऐवजी दगडासारख्या आंब्यांच्या तक्रारीखाली असे लिहिता येईल: ‘आंबा प्रवासात टिकावा म्हणून तयार पण कच्चा काढून गवतात पाठवतो. पेटी उघडून आंबे गवतावर मोकळे ठेवावेत. रंग पालटून वास सुटला की खाण्याजोगा होतो. त्यानंतरही फळ खराब निघाल्यास फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत देऊ.’ कर्नाटकच्या आरोपाला एकदाच आणि पुराव्यानिशी उत्तर द्यावे: कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा त्याखाली नोंदणी केलेल्या बागायतदाराने नोंदणी क्रमांक आणि बागेचे गाव सांगून थांबावे. दुसऱ्या फेरीतला वाद फक्त ती कमेंट वर ठेवण्याच्या कामी येतो.

नको असलेल्या शब्दांची यादी पेजला देऊन कमेंट आपोआप लपवण्याची सोय उपयोगी आहे, पण ती उतावळेपणाने वापरली जाते. ‘फसवणूक’, ‘रिफंड’, ‘खराब’ हे शब्द त्या यादीत घातले की नेमक्या खऱ्या तक्रारी अदृश्य होतात आणि मालकाला सगळे आलबेल वाटू लागते. शिवाय मराठी माणूस तोच शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि पाच तऱ्हांनी लिहितो, त्यामुळे शिव्यांची यादी कधीच पुरी होत नाही. यादीत घालावेत ते भामट्यांचे ठसे: `wa.me`, `t.me`, ‘कस्टमर केअर’, ‘हेल्पलाइन’. लपलेल्या कमेंट तरीही रोज उघडून पाहाव्या लागतात, कारण खरी ग्राहकही ‘तुमचा कस्टमर केअर नंबर द्या’ असे लिहू शकते.

एकच तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर प्रश्न कमेंटचा उरत नाही. आंबे कच्चे निघाल्याची ओरड वाढते, तेव्हा बहुधा व्हिडिओत कापलेला केशरी आंबा दाखवलेला असतो आणि पेटी पिकायला वेळ लागतो हे कुठेच सांगितलेले नसते. अशा वेळी चालू जाहिरातीचा व्हिडिओ बदलण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास नवी पोस्ट तयार होते, जमलेल्या चांगल्या कमेंट मागे राहतात, आणि यंत्रणेचा शिकण्याचा टप्पा, ज्यात आठवड्याला साधारण ५० खरेदींसारख्या कृती अपेक्षित असतात, पुन्हा सुरू होतो. दुरुस्ती आधी खरेदीच्या पानावर आणि ऑर्डरनंतर जाणाऱ्या संदेशात करावी आणि नवा व्हिडिओ वेगळी जाहिरात म्हणून शेजारी लावावा. पेट्या मात्र खरोखरच पोचत नसतील, तर उत्तरे लिहीत बसण्यापेक्षा अडकलेल्या ऑर्डरी मार्गी लागेपर्यंत जाहिरात थांबवणे स्वस्त पडते, मग त्या दिवसाची विक्री कितीही चांगली दिसत असो.