बागेतला कठडा, बाक आणि माझे गुडघे

गेल्या वर्षी थंडीत एका पहाटे फजरच्या नमाजमध्ये सजद्यातून उठताना माझा हात आपोआप पलंगाच्या कडेवर गेला. मी काही फार मनावर घेतलं नाही. चार दिवसांनी अम्मीने तिची प्लास्टिकची खुर्ची उचलून माझ्या जानमाजशेजारी आणून ठेवली. काही बोलली नाही. अम्मी सत्तरीची, मी चव्वेचाळीसची. त्या खुर्चीने मला दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, हाडाची झीज थोडीच आहे, मांडीचे स्नायू मात्र फार अशक्त झालेत. मला नवल वाटलं. दिवसाचे सहा तास मी वर्गात उभी असते! पण उभं राहणं वेगळं आणि स्वतःचं वजन खालून वर उचलणं वेगळं. ते काम आमच्या पिढीतल्या बायकांचं सुटलंच आहे. ओटा उभ्याचा झाला, संडास कमोडचा झाला.

जवळच्या जिममध्ये बायकांची वेळ दुपारी अकरा ते एक. त्या वेळी मी सातवीला मराठी व्याकरण शिकवत असते. म्हणून फजरनंतर शेजारच्या भाभींना घेऊन बागेत जायला लागले. नंदुरबारला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. आठनंतर लोखंडी कठड्याला हात लावण्याची सोय नसते, त्यामुळे पहाट हीच वेळ.

सुरुवात सिमेंटच्या बाकापासून केली. व्यायाम एवढाच, की बसायचं आणि हात न टेकता उठायचं. शाळेतल्या टेपने बाक मोजला, उंची ४२ सेंटिमीटर. पहिल्या दिवशी तीनदा उठले आणि चौथ्यांदा हात टेकला. मग बाकावर सतरंजीची घडी ठेवून बैठक दहा सेंटिमीटरने उंच केली. तिथून आठ वेळा जमलं. खरी मेहनत उठण्यात आहे असं वाटतं, पण गुडघ्याला वळण लागतं ते बसताना. चार आकडे मोजत खाली जायचं, बूड बाकाला हळूच टेकलं पाहिजे. शेवटच्या वीतभर अंतरात धप्पकन पडलो तर समजावं, की तेवढ्या भागात मांडीने काम सोडलंय. भाभी समोर उभ्या राहून माझे गुडघे बघायच्या. थकले की डावा गुडघा आत वळायचा. तो वळला की तो डाव तिथेच थांबवायचा, मग सहाच झाले असले तरी. आठ-आठचे तीन डाव, मध्ये दीड-दोन मिनिटं आराम, आणि हे दिवसाआड. बारा वेळा सहज जमू लागलं की सतरंजीची एक घडी कमी. रिकाम्या बाकावर यायला मला सात आठवडे लागले.

दुखण्याचा हिशेब डॉक्टरांनी सोपा करून दिला होता. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर चालेल. सकाळी जास्त दुखतंय किंवा गुडघा सुजलाय, तर पुढच्या वेळी उंची वाढवायची किंवा संख्या निम्मी करायची. मी दोनदा मागे गेले. एकदा लग्नाहून आल्यावर (दिवसभर उभं राहून वाढप केलं होतं), आणि एकदा नुसत्या हट्टापायी.

तो हट्ट कठड्याचा. बागेच्या कडेला कमरेच्या वर येणारा लोखंडी कठडा आहे. त्यावर हात ठेवून, शरीर फळीसारखं सरळ धरून छाती कठड्याकडे न्यायची आणि परत ढकलायचं. हाच जोर जमिनीवर काढला तर हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो. हात ६० सेंटिमीटर उंचीवर असतील तर तो ४० टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि कठड्यावर त्याहूनही कमी. माझं वजन ६८ किलो. म्हणजे जमिनीवर त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलो ढकलायचे, आणि साठ सेंटिमीटरवर अठ्ठावीस. वजन तेच, जागा बदलली की ओझं बदलतं. जिममध्ये लोखंडी चकत्या काढतात-घालतात तेच हे. मी मात्र कठड्यावर दहा जमताच आठवड्यात थेट बाकाच्या बैठकीवर उतरले. कंबर झोपाळ्यासारखी खाली लोंबली, हनुवटी पुढे गेली आणि मनगटं दुखू लागली. कठड्याचा पाईप मुठीत धरता येतो, म्हणून मनगट सरळ राहतं. सपाट बाकावर ते पूर्ण वाकतं. मग मधली पायरी सापडली, बाकाची पाठ. अजून तिथेच आहे.

ढकलायला बागेत खूप काही आहे, ओढायला फारसं नाही. आणि फळ्यावर लिहून खांदे पुढे आलेल्या माणसाला ओढण्याची गरज जास्त. मी फाटकाजवळचा उभा खांब दोन्ही हातांनी धरते, पाय खांबाजवळ ठेवून मागे झुकते आणि कोपर कमरेला घासत स्वतःला ओढून घेते. पाय जितके पुढे, तितकं जड. पण आधी खांब जोरात हलवून पाहायचा आणि बुंध्याशी वाकून बघायचं. लोखंड जमिनीलगत गंजतं. वरून ताजा रंग असतो आणि खाली पापुद्रे सुटलेले. आमच्या बागेतला एक खांब असाच डुगडुगतो, त्याच्या वाटेला आम्ही जात नाही. पावसाळ्यात बाकावर शेवाळ येतं, तेव्हा उठाबशाही घरीच.

बुरख्याचंही सांगते. पायरीवर चढ-उतार करताना घेर चपलेखाली आला आणि मी कठडा धरला म्हणून वाचले. तेव्हापासून घोट्याच्या वर राहील असा आखूड घेर आणि बंद बूट. जमिनीवर झोपून करायचे प्रकार आम्ही घरच्या चटईवरच ठेवले आहेत. तक्रार नाही, बागेत आडवं पडायला आम्हा दोघींनाही संकोच वाटतो, इतकंच. पहिल्या महिन्यात फेऱ्या मारणारे एक आजोबा रोज थबकायचे. शेवटी एकदा विचारलंच, "काय करी ऱ्हायनात ताई?" भाभी म्हणाल्या, "गुडघे दुरुस्त करतोय, बाबा." आता ते स्वतः पलीकडच्या बाकावर पाच उठाबशा काढतात, फार भराभर.

एक प्रकार मी मुद्दाम सोडला. बाकाला पाठ करून, मागे हात टेकून खाली-वर होण्याचा. तरुण मुलं सर्रास करतात. त्यात खांदा मागे ताणला जातो, आणि माझा उजवा खांदा आधीच कुरकुरतो.

सहा महिने झाले. चार रकात हात न टेकता होतात. तरावीहच्या लांब नमाजमध्ये शेवटी अजूनही हात जमिनीवर जातो, तो मी जाऊ देते. अम्मीची खुर्ची तिच्या खोलीत परत गेली. ती घसरू नये म्हणून मी भिंतीला टेकवून ठेवलीय, आणि संध्याकाळी अम्मी तिच्यावरून उठते-बसते. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. मी मोजते. सहाच्या पुढे ती जात नाही, म्हणते चहा उतू जाईल.