तूप वितळतं, पण निघत नाही

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला घरातलाही आपला तर्क बिनतोड वाटत असतो. तूप उष्णतेने वितळतं, म्हणून तुपाचा डाग उकळत्या पाण्याने जातो, हे मी पोखर्णीच्या आमच्या घरात इतक्या ठासून सांगत आलो की पुढे पुढे मला कुणी विचारेनासंच झालं. कुडत्यावर डाग पडला की तो तडक बादलीत टाकायचा, वरून बंबातलं कढत पाणी ओतायचं, साबणाची वडी फिरवायची आणि ब्रशने घासायचं. तरीही डाग राहिला तर कापडच हलकं निघालं म्हणून मोकळं व्हायचं. हे मत मी आता सोडलं आहे. ते सोडायला कारण झाला एक पांढरा खादीचा कुडता.

वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती. त्या दिवसांत परभणीचा पारा बेचाळीसच्या आसपास असतो आणि डब्यातलं तूप पाण्यासारखं पातळ झालेलं असतं. देवळात गाभाऱ्याचं दार ठेंगणं, अंग चोरूनच आत जावं लागतं. त्या गर्दीत कुणाच्या तरी ताटातलं निरांजन माझ्या खांद्यावर कलंडलं. थंडीच्या दिवसांत हेच तूप कापडावर थिजून बसलं असतं आणि चमच्याच्या पाठीने खरवडता आलं असतं. इथे मात्र ते थेट विणीत उतरलं. घरी आल्यावर मी ठरलेली रीत केली. वाळल्यावर डाग गेलाय असं वाटलं, पण इस्त्री फिरवली आणि खांद्यावर तळहाताएवढा करडा धब्बा उमटला. मूळ डाग त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

कुडता परटाकडे नेला. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि विचारलं, “गुरुजी, आधी पाणी लावलं का याला?” लावलं म्हटल्यावर ते हसले. “मग आता कोरडाच राहू द्या, पाणी लावू नका.”

त्यांच्या त्या वाक्यातलं कारण माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. ते कापडावरून उडून जात नाही. आपण डाग सुकला म्हणतो तेव्हा ते नुसतं धाग्यांच्या आत मुरलेलं असतं. कढत पाण्याने ते वितळतं खरं, पण पाण्यात मिसळत नाही. त्याला धरून ठेवणारा साबण पाण्यात पुरेसा नसेल तर वितळलेलं तूप शेजारच्या धाग्यांवर जाऊन बसतं. माझ्या धब्ब्याचा आकार वाढला तो असा. आणि साबण होता कुठे? आमच्याकडे बोअरचं पाणी जड. साबणाची वडी त्यातल्या चुन्याशीच आधी झुंजते, नासलेल्या दुधासारखे तिचे कण होतात आणि तेही कापडालाच चिकटतात. करडेपणात त्या कणांचाही वाटा होता.

परटांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं केलं. कुडता उलटा करून डागाखाली जुन्या धोतराची घडी ठेवली आणि कोरड्या कापडावरच, पाण्याचा थेंब न लावता, भांडी घासायचं लिक्विड चमचाभर ओतलं. बोटांच्या टोकांनी ते कडेकडून मध्याकडे चोळलं आणि तासभर तसंच ठेवलं. कोरड्यावरच का, तर सुती धागा पाणी अधाशासारखा पितो. तो पाण्याने आधीच भरला की वरून घातलेलं लिक्विड पातळ होतं आणि तुपापर्यंत ताकदीनिशी पोचत नाही. तासाभराने, हात जेमतेम घालवेल इतक्या गरम अर्ध्या बादली पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवला आणि कुडता भिजत घातला. सोड्याने पाणी मवाळ होतं, त्यामुळे पुढचा साबण वाया जात नाही. म्हणजे गरम पाणी लागतंच, फक्त ते शेवटी. माझा तर्क खोटा नव्हता, उलट्या बाजूने चालत होता.

खळबळून झाल्यावर ओल्या कापडावरून निकाल लावायचा नाही, कारण ओलं कापड सगळीकडून सारखंच गडद दिसतं. पूर्ण वाळल्यावर ते उजेडासमोर धरावं. तूप राहिलं असेल तिथे कापड तेलकट कागदासारखं पारदर्शक दिसतं. तरी शंका असेल तर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो पटकन शोषला गेला तर कापड स्वच्छ आणि मण्यासारखा वर थांबला तर तूप अजून आत आहे. थेंब शोषला जाईपर्यंत इस्त्री नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. माझ्या कुडत्याला ही सगळी रीत पुन्हा एकदा करावी लागली, तेव्हा खांदा साफ झाला.

पिठाबद्दलही माझं मत पालटलं. डागावर बेसन किंवा टाल्कम पावडर टाकण्याला मी बायकी खूळ म्हणायचो. ताज्या तुपावर पावडर खरंच काम करते, वरचं तूप ओढून घेते. पण आठवड्यापूर्वीच्या मुरलेल्या डागावर तिचा उपयोग नाही. रॉकेलचं मात्र मी कधीच समर्थन केलं नाही आणि आजही करत नाही. ते तूप विरघळवतं, पण बाहेर पसरवून कडं सोडतं, आणि आगीचा धोका वेगळाच.

लोण्याचं प्रकरण जरा निराळं आहे. आमच्याकडे धपाट्यांवर घरच्या लोण्याचा गोळा लागतोच, आणि घरच्या लोण्यात ताक राहतंच. ताकातली प्रथिनं कढत पाण्याने शिजून धाग्यात घट्ट बसतात. लोण्याचा वाळलेला डाग हाताला ओळखू येतो. तुपाची जागा मऊ असते, लोण्याच्या डागाची कड ताठ लागते आणि वासही आंबूस येतो. अशा वेळी मात्र आधी थंड पाण्यात भिजवून ती कड सुटू द्यायची, कापड वाळवायचं आणि मग लिक्विड लावायचं.

टेबलावरच्या पांढऱ्या कापडाने माझी खरी परीक्षा घेतली. त्यावर वरण-तुपाचा जुना डाग होता. वरणातली हळद पाण्यात नाही, तुपात विरघळते, म्हणून ती तुपाबरोबर खोल गेलेली असते. सोड्याच्या पाण्यात घालताच डाग तांबडा झाला आणि घरात ओरड झाली. हळद क्षारात तांबडी होते, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. कापड खळबळून काढलं की ती पुन्हा पिवळी होते आणि तूप निघून गेलं की उन्हात दोन-तीन दिवसांत उडते. तूप तसंच ठेवून नुसतं उन्हात टाकलं तर हळद जाईल, पण चिकटपणा राहील आणि धूळ धरेल. नुसत्या ब्लीचचंही तेच होतं.

त्याच कापडाच्या घडीवर एक तपकिरी पट्टा होता. कपाटात वर्षानुवर्षं पडून हवेने बदललेल्या तुपाचा तो रंग. लिक्विड आणि सोडा झाल्यावर थेंब पटकन शोषला गेला, म्हणजे तूप गेलं होतं, रंग उरला होता. मेडिकलमधलं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढंच पाणी मिसळून लावलं आणि अर्ध्या तासाने धुतलं. पट्टा बराच फिका झाला. भरतकामाच्या रंगीत काठाजवळ मात्र मी ते नेलं नाही. आधी एका कोपऱ्यात थेंब लावून पाहिला, तर लाल दोरा फिकुटला होता. त्यामुळे काठाजवळची बोटभर पट्टी तशीच आहे आणि पाहुणे आले की त्या जागी लोणच्याची बरणी ठेवतात.