घाई नव्हती

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं, की आमच्या तालुक्याच्या गावात घोषणा लिहून द्यायचं काम बाबांकडे येतं. ते हायस्कुलात मराठी शिकवायचे. निवृत्त झाले तरी यमक जुळवायला गावात दुसरं कुणी नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे फ्लेक्सची 'डिझाइन' करायचं काम आपोआप माझ्याकडे. गेल्या वर्षी त्यांनी लिहिलेल्या ओळी अशा होत्या:

घरी वाट पाहते आई,
कशास करिसी इतकी घाई?
वेगाला तू घाल लगाम,
सुखरूप गाठ आपुला मुक्काम!

फ्लेक्स छापून आला तेव्हा आत्या घरी आली होती. अंगणात पसरलेला फ्लेक्स तिनं सावकाश वाचला आणि बाबांना म्हणाली, "दादा, माझ्या पोराला घाई नव्हती."

कुणीच काही बोललं नाही. त्याआधीच्या हंगामात आत्याचा मुलगा बायपासवर गेला होता. रात्री साडेआठची वेळ. उसानं भरलेली एक ट्रॉली टायर फुटून रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, फक्त चार दगड आणि एक हिरवी फांदी. अंधारात हिरवी फांदी काळी दिसते. तो साठच्या वेगानं येत होता, असं मागच्या गाडीवाल्यानं सांगितलं. डोक्यात हेल्मेटही होतं. साठच्या वेगाला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापलं जातं. धोका कळून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-सव्वा सेकंद जातो, त्यानंतर गाडी थांबायला वीसेक मीटर लागतात. म्हणजे सगळं मिळून चाळीसेक मीटर. मोटारसायकलच्या डिपरमध्ये मातकट ट्रॉलीचा मागचा भाग तेवढ्या लांबून दिसत नाही.

बाबांनी तो फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुझ्या हिशेबानं सांग, आपण लिहितो ते वाचतं तरी का कुणी?"

मग मी खरंच हिशेब केला. अमेरिकेत रस्त्यावरच्या फलकांसाठी पूर्वी एक ढोबळ नियम वापरायचे: अक्षराची उंची जितके इंच, तितके चाळीस फूट ते लांबून वाचता येतं. आमच्या तीन बाय दोनच्या फ्लेक्सवर वरचा अर्धा भाग फोटोंना जातो. (पाच फोटो. क्रम ठरवायला दोन बैठका होतात.) उरलेल्या जागेत चार ओळी बसवल्या, की अक्षर दोन इंचांचं होतं. म्हणजे ऐंशी फूट, चोवीस मीटर. पन्नासच्या वेगाला ते अंतर पावणेदोन सेकंदांत संपतं. बाबांनी कविता मोठ्यानं म्हटली, मी मोबाइलवर वेळ लावली. नऊ सेकंद.

शिवाय तो नियम इंग्रजी अक्षरांचा. देवनागरीत ओळीच्या दोन इंचांत वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली. मधल्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम सव्वा इंच येतो. फ्लेक्सवाल्यानं श्रीलिपीतला नक्षीदार टाइप लावून त्याला लाल कडा दिलेल्या. मी चुलतभावाच्या मागे बसून फ्लेक्ससमोरून तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी मला एवढंच वाचता आलं: 'आई', 'घाई' आणि मधला फोटो.

पण गंमत अशी, की चुलतभावानं पूर्ण कविता म्हणून दाखवली. न वाचताच. 'आई' दिसली, 'घाई' दिसली, मधलं त्यानं स्वतःच भरलं. अर्धं चुकीचं, पण चालीत. इतक्या वर्षांच्या सरावानं हे यमक आपल्याला आधीच पाठ आहे. त्यामुळे नजर तिथे थांबतच नाही.

मी बाबांना बर्मा-शेव्हची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या या दाढीच्या क्रीमवाल्यांनी १९२५ पासून १९६३ पर्यंत रस्त्याकडेला ओळीनं छोट्या पाट्या लावल्या. एका पाटीवर दोन-चार शब्द, पुढच्या पाटीवर पुढचे, यमक शेवटाकडे. बाबा खूश झाले. आम्ही जुनीच कविता, 'घाई' काढून, चार पाट्यांवर पन्नास-पन्नास मीटरवर लावून पाहिली. वाचता येत होती. आठवड्यात तिसऱ्या पाटीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा लागल्या आणि लगाम गेला.

आत्याचं वाक्य मात्र तसंच राहिलं होतं. मोठं अक्षर करून, तुकडे पाडून आम्ही अजून सांगत होतो मोटारसायकलवाल्यालाच. त्या रात्री जे करायला हवं होतं ते ट्रॉलीवाल्यानं. आणि ट्रॉलीवाला वाचतो कुठे? हे बाबांच्या आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. वापरणारा कोण, हे विचारायचा तर मी पगार घेतो.

तो वाचतो कारखान्याच्या गाडीतळावर. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर तासन्तास उभे असतात. तिथे नऊ सेकंदांची कविता चालते, नव्वदचीही चालेल.

आम्ही दोघं एका संध्याकाळी तिथे जाऊन बसलो. कारखाना हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावतो, त्या बहुतेकांना होत्या. पण ट्रॉली भरली, की मोळ्यांची टोकं मागे दोन-दोन फूट लोंबतात आणि पट्टी, दिवा दोन्ही झाकून टाकतात. रिकामी ट्रॉली चमकते, भरलेली नाही. जिथे पट्टी उघडी होती तिथे तिच्यावर चिखल. अशी पट्टी हेडलाइटचा उजेड आल्या वाटेनं परत पाठवते म्हणून दिसते. वर धूळ बसली, की उजेड जातानाही अडतो आणि येतानाही.

म्हणजे पट्टी ट्रॉलीला नको, उसाला हवी. बाबांनी तिथेच वहीत लिहिलं. 'करिसी' नि 'आपुला' नाही, गाडीतळावरची बोली:

ऊस लोंबला, दिवा झाकला, मागनं काय दिसंना;
पट्टी बांध टोकाला, उशीर झाला असंना!

शेजारी चहा पिणाऱ्या एका ड्रायव्हरला वाचून दाखवलं. तो हसला, पुन्हा म्हणायला लावलं, आणि दुसऱ्या खेपेला स्वतःच म्हणाला. मग विचारलं, "बराय मास्तर. पट्टी कुटाय?"

बाबांकडे उत्तर नव्हतं. घोषणा लिहिणाऱ्याला हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नसावा.

या जानेवारीत गाडीतळावर एकच फ्लेक्स लागला, फोटोंविना. बायपासवर रात्री दिसणारी एक पाटी, फूटभर अक्षरांत: 'पुढे ऊसगाड्या'. यमक नाही, बाबांना ते अजून खटकतं. बाकीच्या फ्लेक्सचे पैसे रिफ्लेक्टर टेपवर गेले. नुसती टेप उसाला चिकटत नाही, म्हणून लाल कापडाच्या हातभर पट्ट्यांवर टेप शिवायची, दोन्ही टोकांना नाड्या. रिकामी झाल्यावर सोडून पुढच्या खेपेला बांधायची. पहिल्या आठवड्यात काही पट्ट्या उसाबरोबर गव्हाणीत गेल्या, तेव्हा नाडी लांब केली आणि एक टोक ट्रॉलीच्या कडीला कायमचं बांधलं.

शिवायला आत्या बसली. टेपच्या डिंकानं मशीनची सुई दर दोन पट्ट्यांनी चिकट होते, मग ती सुईला खोबरेल लावलेलं फडकं फिरवते आणि पुन्हा पाय मारते. परवा मी फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, सत्तर झाल्या. मागे मशीनचा आवाज येत होता.