काल सकाळचा राम राम

पातूरला अकोल्याच्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. मी आरोग्य सेवक म्हणून नोकरीत होतो, तेव्हा सकाळच्या एसटीची वाट तिथंच पाहायचो. साडेसहाच्या सुमारास पांढरं धोतर, डोक्यावर टोपी अशा वेशातले एक बाबाजी यायचे. टपरीवाला दुधाच्या पातेल्यातून मान वर करून म्हणायचा, "राम राम बाबाजी!" ते म्हणायचे, "राम राम भाऊ." मग कमी साखरेचा अर्धा कप, ओट्यावर सुटे पैसे, आणि बाबाजी घराकडे.

एवढंच. बायको वारलेली, मुलगा पुण्याला, शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप. मुलाचा फोन यायचा, पण रोज नाही. दिवसभरात त्यांच्या तोंडून दुसऱ्या माणसासाठी निघालेले शब्द म्हणजे तो राम राम. ज्येष्ठात शेगावची पालखी पंढरपूरला जाताना पातुरातून जाते, तेव्हा टपरीपुढे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतही टपरीवाल्यानं मान उंचावून बाबाजींना शोधलेलं आणि हाक घातलेली मी पाहिली आहे.

मे महिन्यातल्या एका सकाळी बाबाजी आले. नेहमीप्रमाणं राम राम झाला, मी पेपरातून मान वर काढली नाही. टपरीवाल्यानं मात्र गाळणी खाली ठेवली. "साहेब, बाबाजीचा राम राम आज बरोबर नाही वाटत मले," तो म्हणाला. "जीभ जड लागते त्याईची."

बाकावरचा एक जण म्हणाला, ऊन लागलं असंल, कांदा फोडून द्या. आमच्या भागात मेमध्ये पारा पंचेचाळीसवर जातो, त्यामुळं कुणालाही आधी तेच सुचतं. पण उष्माघात शरीराची एकच बाजू धरत नाही. मी बाबाजींना हसायला सांगितलं, तर ओठाचा उजवा कोपरा हललाच नाही. दोन्ही हात समोर धरून ठेवायला सांगितले, तर उजवा हळूहळू खाली आला. तोंड, हात आणि बोलणं, तिन्हींत फरक. लकवा असावा हे उघड होतं. टपरीवाला मायेनं चहा पुढं करत होता, तो मी थांबवला. अशा वेळी गिळण्यावर ताबा राहत नाही, घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. १०८ ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत बाबाजींना कुशीवर निजवलं.

अकोला तिथून तीस-पस्तीस किलोमीटर. दवाखान्यात त्यांची साखर तपासली, कारण साखर एकदम उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात. सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती. मग डॉक्टरांनी विचारलं, "यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं? किती वाजता?"

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर उपयोग घटतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हे तास लक्षण दिसलं तिथून मोजत नाहीत, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथून मोजतात. मोठ्या शहरांत काही ठिकाणी एमआरआय करून लकवा कधी आला याचा थोडाफार अंदाज घेता येतो. आमच्यापाशी तो पर्याय नव्हता.

टपरीवाला माझ्यासोबत आला होता. तो म्हणाला, "काल सकाई साडेसहाले. राम राम केला तेव्हा चांगले होते."

त्यानंतरच्या चोवीस तासांत बाबाजींशी कुणी बोललं नव्हतं. लकवा रात्री आला की पहाटे, हे सांगणारं माणूसच नव्हतं. कदाचित तो टपरीवर येण्याच्या तासभर आधीच आला असेल आणि वेळ हातात असेल, पण ते सिद्ध कसं करायचं? इंजेक्शन देता आलं नाही. गोळ्या आणि व्यायामावर बाबाजी उभे राहिले, पण उजव्या हातात कप धरता येत नाही, बोलणंही तुटक राहिलं.

टपरीवाल्याचा कान माझ्यापेक्षा तयार होता, असं मला आजही वाटतं. रोज तेच दोन शब्द ऐकणाऱ्यालाच त्यातला बारीक फरक कळतो. डॉक्टरही त्याला म्हणाले, तू आणलं नसतंस तर हे घरातच पडून राहिले असते. पण तो गप्प होता. परतताना एसटीत एवढंच म्हणाला, "संध्याकाळी बी एक आवाज द्याले पायजे होता."

आता संध्याकाळी टपरी बंद करताना तो बाबाजींच्या दारावरून जातो, हाक मारतो आणि उत्तर आल्याशिवाय पुढं सरकत नाही.

तुमच्या गल्लीत असं एकटं माणूस असेल, तर सकाळच्या नमस्काराला रात्रीचा एक जोडा. आणि उच्चार वेगळा वाटला तर १०८ ला फोन करा, आणि तो शेवटचा नीट कधी ऐकला होता ती वेळ लिहून ठेवा.