खोलीचं भाडं आणि मावशीचे खडे

हेल्थ पॉलिसी विकताना एजंट आकडा सांगतो तीन लाख. तो आकडा नेमका कधी आणि किती मिळणार, हे मात्र आतल्या पानांवर बारीक टाइपात असतं. गेल्या रविवारी रसायनीत मावशीकडे जेवणं आटोपल्यावर मावसबहिणीने तीच पानं माझ्यासमोर टाकली. ‘ताई, तू पत्रकार ना? मग हे मराठीत सांग!’

पाताळगंगा एमआयडीसीत ती लॅब केमिस्ट आहे. नोकरी कॉन्ट्रॅक्टची, त्यामुळे कंपनीची ग्रुप पॉलिसी नाही. रसायनीला हा बदल नवा नाही. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचे इथले बहुतेक प्लांट बंद करायचा निर्णय केंद्राने २०१७ मध्येच घेतला. म्हणून पोरीने स्वतःच्या पैशांनी आईसह तीन लाखांची पॉलिसी काढली.

म्हटलं, आधी दोन शब्द वेगळे कर. एक्सक्लुजन म्हणजे कायमचं बंद दार. उदाहरणार्थ, निव्वळ सौंदर्यासाठी केलेली सर्जरी. वेटिंग पिरियड म्हणजे ठरल्या तारखेला उघडणारं दार. पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याच आजाराचे पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे अशा यादीतल्या आजारांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. आणि पॉलिसीआधीच्या तीन वर्षांत निदान झालेला आजार असेल, तर तीन वर्षांपर्यंत. २०२४ च्या नियमांनुसार कंपनी यापेक्षा जास्त थांबवू शकत नाही.

‘खडे?’ ती थबकली. मावशीच्या पित्ताशयात खडे आहेत, सोनोग्राफीचा रिपोर्ट पॉलिसीआधीचा. मी पॉलिसीला जोडलेली प्रपोजल फॉर्मची कॉपी उघडली. ‘आधीचा आजार’ या रकान्यात सरळ ‘नाही’! एजंट म्हणाला होता, लिहू नका, प्रीमियम वाढेल.

खरा धोका इथेच होता. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर जुना रिपोर्ट मागणार, त्याची तारीख डिस्चार्ज समरीत येणार आणि क्लेम अडकणार. लपवलं म्हणून कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते. मग उद्या मावशीला डेंग्यू झाला तरी हात रिकामे. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की कंपनी जुनी माहिती उकरू शकत नाही, पण मुद्दाम केलेल्या फसवणुकीला ती सवलत नाही.

आता खोलीचं भाडं. तिच्या पॉलिसीत सब-लिमिट आहे, दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तिचा हिशोब साधा होता. ६,००० ची खोली घेतली तर वरचे ३,००० आपण भरू. चार दिवसांचे १२,०००. बस्स!

पण फंडा वेगळा आहे. हॉस्पिटलात खोलीच्या दर्जानुसार सर्जनची, भूलतज्ज्ञाची फी आणि ऑपरेशन थिएटरचा दरही चढतो. म्हणून कंपनी त्याच प्रमाणात हे खर्चही कापते. आम्ही मागच्या पानावर एक काल्पनिक बिल मांडलं. खोली २४,०००, सर्जन-थिएटर वगैरे ८०,०००, औषधं-तपासण्या ३०,०००. एकूण १,३४,०००. खोलीचे मिळतात १२,०००. सर्जन-थिएटरचे निम्मे, ४०,०००. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, त्यांचे पूर्ण ३०,०००. हाती ८२,०००, खिशातून ५२,०००. म्हणून अ‍ॅडमिट होण्याआधी काउंटरवर विचारायचं, ‘तीन हजारांच्या आतली खोली आहे का?’

क्लेमची पद्धत त्यामानाने सोपी. नेटवर्कमधलं हॉस्पिटल निवडायचं. ऑपरेशन ठरलेलं असेल तर साधारण दोन-तीन दिवस आधी तिथल्या इन्शुरन्स डेस्कवर कार्ड, ओळखपत्र आणि रिपोर्ट द्यायचे. फॉर्म हॉस्पिटल पाठवतं. कॅशलेसला हो की नाही हे कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा २०२४ चा नियम आहे. इमर्जन्सीत २४ तासांत कळवायचं. कॅशलेस नसेल तर मूळ बिलं आणि डिस्चार्ज समरी जपून ठेवायची.

उरला तो ‘नाही’चा रकाना. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’ असतो. पटली नाही तर परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. तिचे अजून अकरा दिवस शिल्लक होते. बहिणीने रिपोर्ट जोडून कंपनीला मेल टाकला, आजार नोंदवा म्हणून. आता प्रीमियम वाढेल, कदाचित कंपनी मावशीला नाकारेलही. आणि स्वीकारलं तरी खड्यांचं ऑपरेशन तीन वर्षांच्या आत आलं, तर तो खर्च घरचाच. त्यासाठी तिने पगारातून वेगळं रिकरिंग सुरू केलंय. मावशी मात्र एवढंच म्हणाली, ‘खडे माझे, त्यांना काय तारीख कळते?’