लेबलवरचे ३० तास

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेत, कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. आकडा कुठे आणि कशा परिस्थितीत मोजला, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये, हे नागपूरकरांना त्या दिवशी पटलं. तोच प्रश्न एसीवरच्या स्टार लेबलला मात्र कुणी विचारत नाही.

संपादकांनी या विषयावर लेख मागितला, तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या टेबलावर याच पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांचं वीजबिल पडलेलं होतं. दीड टनाचा पाच स्टार एसी, लेबलवर वर्षाला साधारण ७७५ युनिट. एप्रिल-मे हे दोनच महिने, दुपारी १२ ते ६ एवढाच वापर, आणि तेवढ्यात जवळपास ६०० युनिट गेले. ‘कंपनीने फसवलं,’ असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. लेबलवरचा आकडा खरा होता, फक्त तो नागपूरच्या मे महिन्याचा नव्हता.

हा आकडा येतो कुठून? ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पद्धतीत एसी प्रयोगशाळेत ठेवतात. खोलीत २७ अंश, बाहेर ३५ अंश. यंत्र एकदा पूर्ण क्षमतेवर आणि इन्व्हर्टर असेल तर एकदा निम्म्या क्षमतेवर चालवून वीज आणि गारवा मोजतात. मोजणी एवढीच, पुढचं सगळं गणित. वर्षाचे १६०० तास धरून ते बाहेरच्या तापमानाप्रमाणे २४ ते ४३ अंशांच्या वीस खणांत वाटलेले असतात. भारतातल्या अनेक शहरांच्या हवामानाची ही सरासरी आहे.

सगळ्यात भरलेला खण २७ अंशांचा, १८३ तासांचा. ३० अंशांपर्यंतच्या खणांत १६०० पैकी ११११ तास संपतात. आणि ४० अंश व त्यावरच्या चार खणांत मिळून? फक्त ३० तास. नागपुरात मे महिन्याचा एखादा तापलेला आठवडा एवढे तास सहज खाऊन टाकतो.

दुसरी बाब याहून महत्त्वाची. गणितात खोलीचा भार २३ अंशांना शून्य आणि ३५ अंशांना पूर्ण धरतात. म्हणजे २७ अंशांच्या त्या १८३ तासांत यंत्राला क्षमतेच्या एक तृतीयांशच काम. सगळ्या खणांची बेरीज केली, तर लेबलचे १६०० तास पूर्ण भाराच्या पावणेआठशे तासांएवढेच भरतात. इन्व्हर्टर एसी कमी भारावर फार काटकसरीने चालतो, म्हणून वार्षिक आकडा इतका देखणा दिसतो. आणि ३५ अंशांच्या वर खोलीची गरज यंत्राच्या क्षमतेबाहेर गेली, तर ती उरलेली गरज गणितात धरलीच जात नाही. घरात मात्र ती घाम होऊन उरते.

त्या गृहस्थांचा एसी ३५ अंशांना पूर्ण भारावर १५०० वॉट घेतो आणि ५००० वॉट गारवा देतो. लेबलच्याच सूत्राने ४३ अंशांचा हिशेब केला, तर वीज १६७० वॉटच्या आसपास जाते आणि गारवा ४५०० पर्यंत उतरतो. साठ दिवस, रोज सहा तास म्हणजे ३६० तास. सरासरी १६०० वॉट धरले तरी ५७६ युनिट होतात. लेबलच्या तासांपैकी पाव भागही न वापरता युनिटांचा तीन चतुर्थांश वाटा संपला.

तरीही बिल थोडं जास्तच होतं. त्यासाठी घरी जाऊन पाहावं लागलं. बाहेरचं युनिट इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये बसवलं होतं. समोर चार फुटांवर भिंत, त्यामुळे पंख्याने फेकलेली गरम हवा पुन्हा मागच्या जाळीतून आत ओढली जात होती. दुपारी चारला सावलीत ४३ अंश होते. जाळीपाशी धरलेल्या थर्मामीटरवर ४९. वायरीला लावलेल्या क्लॅम्प मीटरवर ७.८ अँपिअर. प्रयोगशाळेत युनिट मोकळ्या हवेत असतं, त्यामुळे डक्ट लेबलच्या आकड्यात कधीच येत नाही. पाच स्टारचा एसी घेऊन तो असा कोंडणं पाहिलं, की या कामात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला खरोखर वाईट वाटतं.

दुकानात विक्रेते लेबलच्या युनिटांना दराने गुणून वर्षाचं बिल सांगतात, ते थांबायला हवं. तो आकडा एकाच क्षमतेच्या दोन यंत्रांची तुलना करण्यासाठी आहे, आणि त्या कामाला तो चांगला आहे. विदर्भात मात्र तुलना तिथेच थांबवू नये. वार्षिक आकडा सारखा असलेल्या दोन एसींपैकी एक निम्म्या भारावर सरस असू शकतो आणि दुसरा पूर्ण भारावर. दुपारी एसी लावणाऱ्या घराला दुसरा परवडतो. तो ओळखायचा, तर यंत्राच्या पत्र्यावर छापलेले पूर्ण भाराचे वॉट वाचायचे. गारव्याच्या वॉटना त्यांनी भागायचं. भागाकार मोठा, तो एसी घ्यायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या गृहस्थांनी युनिट डक्टमधून काढून गच्चीवर पत्र्याच्या सावलीत, चारही बाजू मोकळ्या ठेवून बसवलं. दुपारी चारला, पुन्हा ४३ अंश असताना, क्लॅम्प मीटरवर ७.३ अँपिअर दिसले.