पेल्यावरचं पांढरं

१९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरकडे गावोगाव बोअर घेतले गेले, हापसे बसले. त्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या पिढीला पाण्याची पारख शिकवावी लागली नाही. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, की घरातली बाई एका शब्दात निकाल द्यायची: जड पाणी. तिसरी खूण पालथ्या घातलेल्या पेल्यांवर दिसायची. ओले असताना लख्ख, आणि वाळले की ताक पिऊन ठेवल्यासारखे.

तेव्हा स्टीलच्या पेल्यावर नाव घातलेलं असायचं. मुंजीत, बारशाला, हळदीकुंकवाला आलेले पेले. कुणाचं नाव, खाली तारीख. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या त्या अक्षरांत पांढरं असं काही बसायचं, की बाकीचा पेला चकचकीत झाला तरी आत्याचं नाव खडूनं लिहिल्यासारखंच राही.

उपाय एकच ठाऊक होता, घासणं. मोरीत उकिडवं बसून, राख आणि काथ्या घेऊन. राखेनं तेलकटपणा जातो, पण हा थर तिला दाद देत नाही. बोअरच्या पाण्यात चुनखडीचा अंश विरघळलेला असतो. पाणी उडून गेलं की तो मागे उरतो आणि भांड्याला धरून बसतो. राख स्वतःच खारी. ती त्याला विरघळवणार कशी? उलट चाळून न घेतलेल्या राखेतल्या खड्यांनी स्टीलवर बारीक चरे पडत आणि पुढचा थर त्या चऱ्यांत आणखी घट्ट बसे. कौतुक मात्र मनगटातल्या जोराचंच व्हायचं.

खरं तर आंबटाची युक्ती घरातच होती, पण ती तांब्या-पितळेपुरती राखीव. चिंचेचा चोथा देवाच्या उपकरणांना. स्टीलला कशाला, असा समज. शिवाय चुनखडीवर चिंच तशी अर्धवटच. तिच्यातल्या आम्लाचा चुन्याशी जो क्षार बनतो तो पाण्यात फारसा विरघळत नाही. लिंबू सरस, आणि पांढरं व्हिनेगर त्याहून. पुढे किराणा दुकानात लिंबूफूल सुटं मिळू लागलं, तेव्हा कुठे आमच्या घरांतली घासाघीस कमी झाली.

ती रीत आजही तीच आहे. एक लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूफूल विरघळवायचं आणि पेले त्यात पूर्ण बुडवून वीस-पंचवीस मिनिटं सोडून द्यायचे. थर जाड असेल तर त्यावर बारीक बुडबुडे धरतात. चुनखडी विरघळताना निघणारा तो वायू. म्हणजे काम चालू आहे. मग मऊ फडक्यानं एक हात फिरवायचा, नावाच्या अक्षरांतून जुना दात घासायचा ब्रश, आणि साध्या पाण्यानं विसळणं. काचेच्या ग्लासांना पाणी कोमटच हवं. कढत ओतलं तर तडकतील. एकदा भिजवून तेलकट धूसरपणा उरला, तर तो साबणाचा. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो. त्यावर भांड्यांचं लिक्विड लावून पुन्हा धुवावं लागतं.

काही जण घाईनं संडास धुवायचं ॲसिड पेल्यांना लावत. त्यानं चुना निघतो खरा, पण स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि ते भरून निघत नाहीत. ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही आंबट एकत्र आलं तर विषारी वायूच सुटतो.

शेवटचं पाणी मात्र सगळ्यांच्या घरी चुकायचं. स्वच्छ पेला त्याच बोअरच्या पाण्यात विसळून जाळीत पालथा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची कमाल मर्यादा लिटरला ६०० मिलिग्रॅम आहे. तेवढ्या पाण्याचा एक मिलिलिटर पेल्यावर वाळला तर अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा जास्त चुना तिथेच राहतो, आणि दर धुण्याला त्यात भर पडते. म्हणून ज्या काकूंच्या घरचे ग्लास कायम झळकत, त्यांच्याकडे बाकी काही नाही, ओट्याजवळ जुन्या धोतराचं फडकं टांगलेलं असे. भांडी ओली असतानाच पुसायची. कंटाळवाणं काम, पण थर बसूच द्यायचा नसेल तर दुसरा मार्ग नाही.

फडताळातल्या पाहुण्यांसाठीच्या काचेच्या सेटमध्ये एखादा ग्लास असा असायचाच, की काही केल्या उजळत नाही. त्याची परीक्षा सोपी: धूसर जागी व्हिनेगरचा बोळा पाव तास ठेवावा, मग धुऊन कोरडं पुसावं. तेवढीच जागा निवळली तर चुना आहे, बाकीचाही निघेल. काहीच फरक नाही, तर बहुधा काच झिजली आहे, आणि मग तो ग्लास टूथब्रश ठेवायला.